फोटोतल्या आकृतीवरून फ्लक्स काढताय आणि उत्तर जुळत नाही? चुकलेला आकडाच सांगतो गडबड कुठे झाली

तक्रार दर सेमिस्टरला तीच असते. "सर, डायव्हर्जन्स बरोबर आहे, इंटिग्रेशन दोनदा तपासलं, तरी उत्तर येत नाही." सोबत व्हॉट्सॲपवर वहीच्या पानाचा फोटो. पुण्यात एम-थ्रीच्या परीक्षा जवळ आल्या की अशा फोटोंचा पूर येतो, आणि त्यातले निम्मे मूळ वहीचे नसतातच. कुणाच्या तरी नोट्स, त्यांची अप्पा बळवंत चौकात काढलेली झेरॉक्स, त्या झेरॉक्सचा फोटो, आणि तो फोटो चार ग्रुपांतून फिरून आलेला. यात गणित बहुतेक वेळा ठीक असतं. चुकतं ते चित्राचं वाचन. गंमत अशी की चित्र नेमकं कसं चुकीचं वाचलं हे बहुधा चुकलेल्या उत्तरावरूनच ओळखता येतं. एकच उदाहरण घेऊन ते सगळं नीट बघू.

प्रश्न असा: आकृतीत दाखवलेल्या बंद सरफेसमधून बाहेर जाणारा फ्लक्स काढा,

```
F = 4x i − 2y² j + z² k
```

आकृतीत एक उभा सिलिंडर आहे. तळ z = 0 वर, तळाच्या वर्तुळात मध्यापासून कडेपर्यंत बाण आणि त्यावर 2. वरचं झाकण तिरकं कापलेलं आहे. डाव्या उभ्या कडेला 5 लिहिलंय, उजव्या कडेला 1, आणि z-अक्ष झाकणाला जिथे भेटतो तिथे 3. x-अक्षाचा बाण आपल्याकडे, y-अक्षाचा उजवीकडे. समीकरण कुठेही दिलेलं नाही, ते चित्रातूनच काढायचं आहे.

आधी बरोबर उत्तर काढून ठेवू, म्हणजे पुढे तुलना करता येईल. y उजवीकडे वाढतो, म्हणून डावी कड म्हणजे y = −2 आणि तिथे उंची 5. उजवी कड y = 2, तिथे उंची 1. y चारने वाढला आणि उंची चारने उतरली, म्हणजे उतार −1. मध्ये उंची 3. झाकणाचं प्रतल झालं z = 3 − y. z-अक्षावरचा 3 यात बसतो, म्हणजे तिन्ही आकडे एकमेकांशी पटतात. हे पटवून बघणं सोडू नका. तीनपैकी एखादा आकडा पुसट असेल तर उरलेल्या दोघांवरून तो सापडतो.

आता डायव्हर्जन्स थिअरम: बंद सरफेसमधून बाहेर जाणारा फ्लक्स म्हणजे आतल्या घनफळावरचं डायव्हर्जन्सचं इंटिग्रल. डायव्हर्जन्स 4 − 4y + 2z. z वर 0 पासून 3 − y पर्यंत इंटिग्रेट केलं की

```
(4 − 4y)(3 − y) + (3 − y)²  =  21 − 22y + 5y²
```

आता हे त्रिज्या 2 च्या वर्तुळावर पसरायचं. क्षेत्रफळ 4π, म्हणून पहिल्या पदाचे 84π. y चं पद समतोलामुळे शून्य. y² चं वर्तुळावरचं इंटिग्रल πa⁴/4, म्हणजे इथे 4π, त्याचे पाचपट 20π. एकूण फ्लक्स 104π.

आता येणारी चुकीची उत्तरं बघू. सगळ्यात जास्त येतं ते 84π. हा आकडा बघितला की मी पुढचं काहीच तपासत नाही, कारण तो सपाट झाकणाचा आकडा आहे. z = 0 ते z = 3 असा साधा सिलिंडर घेतला की याच F साठी बरोबर 84π येतो, आणि तो सपाट झाकणाचा प्रश्न नोट्समध्ये इतक्यांदा भेटलेला असतो की हात आपोआप तिकडे वळतो. पण सवयीइतकाच दोष फोटोचाही असतो. झेरॉक्सवर डाव्या कडेचा 5 हा S सारखा दिसतो, आणि सरफेसला S म्हणायची सगळ्यांनाच सवय, त्यामुळे "हे सरफेसचं नाव असणार" म्हणून पोरं पुढे जातात. उजवीकडचा 1 म्हणजे तर एक उभी रेघ, तीही उभ्या कडेच्या शेजारी. तो वाचलाच जात नाही. उरतो मधला 3. तो उंची म्हणून धरला की झालं सपाट झाकण.

यावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: झाकण तिरकं असलं तरी एका बाजूला जेवढं वर तेवढंच दुसरीकडे खाली, घनफळ तेच, मग फ्लक्सही तोच. घनफळाचं म्हणणं अगदी खरं आहे. दोन्ही आकारांचं घनफळ 12π च आहे. फ्लक्सचं मात्र खरं नाही, कारण फ्लक्स म्हणजे घनफळाला डायव्हर्जन्सचं वजन लावून केलेली बेरीज, आणि हे वजन सगळीकडे सारखं नाही. झाकणाच्या डाव्या टोकाला, y = −2 आणि z = 5 इथे, डायव्हर्जन्स 4 + 8 + 10 म्हणजे 22 आहे. उजव्या टोकाला, y = 2 आणि z = 1 इथे, तो 4 − 8 + 2 म्हणजे −2. उजवीकडचं घनफळ काढून डावीकडे ठेवलं की ते कमी वजनाच्या जागेवरून जास्त वजनाच्या जागी जातं. वाढलेले 20π तिथूनच आले. F = x i + y j + z k असता तर डायव्हर्जन्स सगळीकडे 3 आणि दोन्ही आकारांना 36π च आला असता. सरासरी उंचीची युक्ती तिथे चालते म्हणून ती सगळीकडे चालेल असं वाटत राहतं.

पण झाकण खरंच तिरकं आहे की फोटो तिरका आहे, हे कसं ओळखायचं? शंका रास्त आहे. वही टेबलावर ठेवून डाव्या बाजूने फोटो काढला की डावी कड जवळ येते, लांब दिसते, आणि सपाट झाकणही उजवीकडे उतरल्यासारखं दिसतं. अशा वेळी आकृती सोडून वहीच्या छापील ओळींकडे बघा. सरळ समोरून फोटो काढला असेल तर ओळी समांतर राहतात. बाजूने काढला असेल तर त्या एका बाजूला जवळजवळ येत जातात. ओळी समांतर असून झाकण उतरत असेल तर उतार खरा. ओळी मिटत जात असतील तर झाकण आणि तळ हेही त्यांच्यासारखेच आणि तेवढेच मिटतायत का ते बघा. तसं असेल तर तो कॅमेऱ्याचा प्रताप. इथे तर डाव्या-उजव्या कडांचं प्रमाण जवळपास पाचास एक आहे. वही कितीही वाकडी धरली तरी एवढा फरक फोटोने पडत नाही. कोऱ्या कागदावरची आकृती असेल तर ओळींचं काम कागदाच्या कडा करतात, म्हणून फोटो कापू नका, पूर्ण पान येऊ द्या.

दुसरं नेहमीचं उत्तर 72π. इथे मात्र थांबावं लागतं, कारण या आकड्याचे संशयित दोन आहेत.

पहिला संशयित म्हणजे उलटा उतार. y-अक्षाचा बाण फोटोत कापला गेला किंवा पुसट झाला, आणि डावी कड y = 2 धरली, की प्रतल z = 3 + y होतं. मग आतली राशी 21 − 2y − 3y² होते, आणि 84π मधून 12π वजा होऊन 72π उरतात. बाण दिसत नसेल तर x-अक्षाकडे बघा. तीन अक्ष उजव्या हाताच्या नियमाने काढलेले असतात. z वर आणि x आपल्याकडे येत असेल तर y उजवीकडेच जातो. x कागदात शिरत असेल तर y डावीकडे. म्हणजे एक बाण हरवला तरी बाकीचे दोन त्याचा पत्ता देतात. x आपल्याकडे येतोय की आत जातोय हे कळायला खूण सोपी आहे: आपल्याकडे येणारा अक्ष घनाकृतीच्या बाहेर पडल्यावर अखंड रेघेने, बहुधा डावीकडे खाली काढतात, मागे जाणारा अक्ष आकृतीमागे लपतो, म्हणून तेवढा भाग तुटक असतो.

तुटक रेघांबद्दल जाता जाता. फोनमधल्या स्कॅन ॲपचा काळा-पांढरा मोड तुटक रेघांचा काळ आहे. पेन्सिलीने हलक्या काढलेल्या रेघा त्यात कचरा समजून पुसल्या जातात. रंगीत, मूळ फोटो मागवा, आणि व्हॉट्सॲपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो, आणि मग 5 चा S व्हायला वेळ लागत नाही.

दुसरा संशयित म्हणजे झाकण सुटणं. हे कळायला सरफेसचे तीन तुकडे करून प्रत्येकाचा फ्लक्स थेट काढावा लागतो, आणि तसंही थिअरमने आलेलं उत्तर खात्रीने तपासायचं असेल तर हीच वाट. तळावर z = 0 आणि बाहेरचा नॉर्मल खाली, म्हणून F·n = −z² = 0; तळातून काहीच जात नाही. झाकणावर z = 3 − y, वरच्या दिशेचा नॉर्मल j + k. त्याची लांबी √2 आहे, पण झाकणाचं क्षेत्रफळही त्याच्या तळावरच्या सावलीच्या √2 पट असतं, त्यामुळे दोन्ही कटतात आणि सावलीवर, म्हणजे तळाच्या वर्तुळावर, एवढंच उरतं:

```
−2y² + (3 − y)²  =  9 − 6y − y²
```

याचे 36π − 4π, म्हणजे 32π. राहिली वक्र बाजू. तिथे नॉर्मल (x i + y j)/2, म्हणून F·n = 2x² − y³. x = 2cosθ, y = 2sinθ, dS = 2 dθ dz, आणि z जातो 0 ते 3 − 2sinθ. इथेच उंची 3 धरायची चूक पुन्हा होते, म्हणून सांगतो: कडेवर प्रत्येक θ ला उंची वेगळी आहे. इंटिग्रल असं होतं,

```
16 ∫ (cos²θ − sin³θ)(3 − 2 sinθ) dθ,   θ: 0 ते 2π
```

गुणाकार सोडवला की फक्त 3cos²θ आणि 2sin⁴θ ही पदं टिकतात. पहिल्याचे 3π, दुसऱ्याचे 3π/2, आणि सोळाने गुणून 72π. बेरीज 0 + 32π + 72π = 104π. थिअरमशी जुळलं.

पण बघा, एकट्या वक्र बाजूचा फ्लक्सही 72π च आहे. उलट्या उताराचा आकडा आणि हा आकडा एकच असणं हा या प्रश्नातला निव्वळ योगायोग, पण त्यामुळे नुसत्या उत्तरावरून निदान होत नाही. कामातली वरची लिमिट बघायची: 3 + y असेल तर उतार उलटा घेतलाय, आणि तुकड्यातुकड्याने काढून झाकण कुठेच दिसत नसेल तर झाकण विसरलंय. शिवाय तिसरी शक्यता, की 72π बरोबरच आहे! प्रश्नात "वर उघडा" असं लिहिलं असेल तर तो सरफेस बंदच नाही. मग आधी काल्पनिक झाकण लावून थिअरमने 104π काढायचे आणि त्यातून झाकणाचे 32π वजा करायचे. हे चित्रातून कळत नाही. झाकणाची कड अखंड काढली की ते बंद आहे की भांड्यासारखं उघडं, हे दोन्हींत सारखंच दिसतं. म्हणून आकृतीसोबत प्रश्नाची ओळही फोटोत हवी. तळ गाळलाय का हा प्रश्न मात्र या F साठी बिनमहत्त्वाचा, कारण तळाचा वाटा शून्यच आहे. दुसऱ्या F साठी हे गृहीत धरू नका.

झाकणाचा नॉर्मल खाली घेतला तर 72π − 32π = 40π येतात. हे फक्त थेट पद्धतीत होतं. थिअरममध्ये बाहेरचा नॉर्मल आधीच ठरलेला असतो.

88π आला तर उतार x च्या दिशेने घेतलाय. काही जण x उजवीकडे आणि y मागे असे अक्ष काढतात; त्या सवयीने हे चित्र वाचलं की प्रतल z = 3 − x होतं. मग 84π मध्ये फक्त x² चे 4π वाढतात. z = 3 + x घेतलं तरी 88π च, कारण डायव्हर्जन्समध्ये x नाहीच. त्यामुळे 88π दिसला की अक्षांची अदलाबदल हे नक्की, दिशा कुठली हे कळत नाही.

तळातल्या बाणाकडेही एक नजर टाका. तो मध्यापासून सुरू होतो की एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातो? दुसरं धरलं तर त्रिज्या 1 होते, आणि त्याबरोबर उतारही बदलतो, कारण उंची 5 वरून 1 वर आता दोनच एककांत उतरते: z = 3 − 2y. हे सगळं नीट सोडवून 24π येतात. अंतर्गत काहीच विसंगत वाटत नाही, म्हणून ही चूक शेवटपर्यंत लपून राहते. बाणाला एक टोक आहे की दोन, एवढंच बघायचं.

शेवटचा आकडा चित्राचा नाही, पण ज्याचं खापर चित्रावर फोडलं जातं असा: 292π/3. पोलरमध्ये r dr dθ ऐवजी नुसतं dr dθ लिहिलं की हा येतो. यातली खरी मेख सपाट झाकणाच्या प्रश्नात आहे. त्रिज्या 2 असताना 0 ते 2 पर्यंत dr चं इंटिग्रल 2, आणि r dr चंही 2 च! त्यामुळे सपाट सिलिंडरच्या प्रश्नात r विसरलात तरी उत्तर 84π बरोबर येतं आणि आपल्याला जमतंय असा समज होतो. झाकण तिरकं झालं, y² चं पद आलं, की r² मुळे फरक उघडा पडतो: 20π ऐवजी 40π/3. अशा मुलाचा फोटो कितीही स्पष्ट असला तरी उत्तर जुळणार नाही. सपाट झाकणाचा प्रश्न त्रिज्या 3 घेऊन सोडवायला द्या. r असेल तर 189π येतात, नसेल तर 126π.

आणि बाण, आकडे, प्रश्नाची ओळ यातलं काहीतरी खरंच दिसत नसेल, मूळ वही ज्याची तोही सापडत नसेल, तर अंदाज मनात ठेवून सोडवू नका. पहिल्याच ओळीत लिहा: x आपल्याकडे, y उजवीकडे, z वर; तळ x² + y² ≤ 4, झाकण z = 3 − y, सरफेस झाकण आणि तळासह बंद. म्हणजे तपासणाऱ्याला तुमचं 104π किंवा 72π कुठल्या चित्राचं आहे ते लगेच कळतं, आणि चित्र चुकीचं वाचलं असलं तरी पुढच्या कामाचे मार्क द्यायला त्याच्याकडे काहीतरी असतं.